सावित्रीचा पूल आणि दुसऱ्या दिवशीची बातमी : एक प्रकरण अभ्यास

2 ऑगस्ट 2016, मंगळवार. रात्री साडेअकराच्या सुमाराला महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि आणखी काही वाहनं अंधारात नदीत गेली. पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं की पुलावर चढलेल्या गाड्या पलीकडे निघतच नाहीत. त्याच्या धावपळीमुळे मागची वाहतूक थांबली.

घटना सगळ्यांना माहीत आहे. मला इथे तिच्या पुढच्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. तालुक्यांतून बातम्या पाठवणाऱ्या मुलामुलींचे वर्ग मी घेतो आणि फॉलोअप, म्हणजे आधी छापलेल्या बातमीची पुढची बातमी, शिकवताना दरवेळी हेच प्रकरण घेतो. कारण असं की पूल रात्री उशिरा पडला. बुधवारी सकाळच्या बहुतेक अंकांत तो नव्हता किंवा चार ओळींत होता. बुधवारचा दिवस वाहिन्यांचा गेला. गुरुवार, 4 ऑगस्टच्या सकाळी वर्तमानपत्रांनी पहिली सविस्तर बातमी दिली. आता गुरुवारी संध्याकाळी डेस्कवर बसून शुक्रवारच्या अंकासाठी लिहायचं आहे. वाचकाने दीड दिवस टीव्हीवर तुटलेला पूल पाहिला आहे, सकाळी पेपरात नकाशा पाहिला आहे, आणि बस अजून सापडलेल्या नाहीत. अशा वेळी काय लिहायचं?

वर्गात मी तेवढ्या वेळेपर्यंतची माहिती फळ्यावर लिहितो आणि वीस मिनिटं देतो. दहापैकी सात-आठ जण जे लिहितात, ते साधारण असं असतं :

"महाड : मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल मंगळवारी रात्री कोसळून दोन एसटी बससह अन्य वाहने वाहून गेली होती. या वाहनांचा शोध गुरुवारी दुसऱ्या दिवशीही सुरूच होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि तटरक्षक दलाचे जवान शोध घेत असून मुसळधार पाऊस आणि नदीच्या प्रवाहामुळे अडथळे येत आहेत. मुख्यमंत्र्यांनी घटनेच्या चौकशीचे आदेश दिले आहेत."

मराठी शुद्ध आहे, एकही शब्द खोटा नाही. पण यात नवीन किती आहे ते मोजून बघा. पहिलं वाक्य संपूर्ण कालचं. दुसऱ्या वाक्यात नवीन म्हणजे "दुसऱ्या दिवशीही" एवढंच. तिसरं वाक्य सकाळच्या अंकात होतं, चौथंही. वाचकाने अंकाचे पैसे दिले आणि त्याला "ही" हे एक अव्यय मिळालं.

मागच्या वर्षी खेड तालुक्यातून आलेली एक मुलगी यावर अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, पण नवीन काही घडलंच नाहीये. शोध चालू आहे. मग तेच लिहिणार ना?" ही अडचण खरी आहे. उत्तर असं की आज घडलेलं, एवढ्यापुरता नवीन माहितीचा अर्थ नसतो. काल आपल्याला ठाऊक नव्हतं आणि आज ठाऊक झालं, तेही नवीनच. पूल मंगळवारीच पडला. पण त्या पुलाची शेवटची पाहणी कशी झाली होती, हे गुरुवारी कळलं तर ती गुरुवारची बातमी आहे. शोध थांबलेला दिसत असताना कागद हलत असतात आणि माणसं बोलत असतात. फॉलोअप बऱ्याचदा तिथून उचलावा लागतो.

त्यासाठी मी एक काम सांगतो. लिहायला बसण्याआधी आपल्याच अंकातली सकाळची बातमी समोर घ्यायची. ती वाचकासारखी वाचायची आणि प्रत्येक विधानाशेजारी पेन्सिलीने लिहायचं : हे कशावरून? वाक्य चुकीचं आहे असा संशय घ्यायचा नाही. ते वाक्य कुठवर जाऊन थांबलंय, ते बघायचं. सावित्रीच्या बातमीवर हे केलं की तीन जागा लगेच उघड्या पडतात. बसमध्ये 22 माणसं होती, हे कशावरून? पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य होता, हे कशावरून? आणि नदीत गेलेल्या दोन अख्ख्या बस दिसत कशा नाहीत?

या तिन्ही जागा मी एकेक करून घेतो. सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं पहिलीत आहे.

बावीस हा आकडा

पहिल्या दिवशी दोन्ही बस मिळून 22 माणसं असल्याचं आलं. त्यात चालक-वाहक चौघं आणि बाकीचे प्रवासी. पुढच्या काही दिवसांत बेपत्ता माणसांचा आकडा चाळिशीच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, आकडा वाढला. आणि नवखा वार्ताहर तसंच लिहितो : "बेपत्तांची संख्या वाढली". एवढं लिहिलं की फॉलोअप झाला, असं त्याला वाटतं. हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा फॉलोअप. काल 22 होते, आज त्याहून जास्त. बातमी तीच, आकडा नवा.

प्रत्यक्षात ते दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. 22 हा एसटीचा हिशेब, फक्त दोन बसचा. मोठा आकडा त्या बससोबत खासगी गाड्यांमधली माणसं धरून आलेला. एसटीच्या प्रवाशाचा कुठेतरी कागद असतो. आरक्षण असेल तर यादी असते, वाहकाने तिकीट फाडलेलं असतं, वाटेतल्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाकडे नोंद असते. खासगी गाडीत कोण बसलं होतं याचा कागद कुठेच नसतो. तो माणूस "बेपत्ता" केव्हा होतो? घरचे पोलिस ठाण्यात येऊन सांगतात तेव्हा. त्यामुळे दुसरा आकडा हळूहळू, नातेवाईक महाडला पोचतील तसतसा वाढणार, हे पहिल्याच दिवशी ओळखता येण्यासारखं होतं.

आता इथून फॉलोअप कसा निघतो ते पाहा. आगारात जाऊन किंवा फोन करून विचारायचं : प्रवाशांची संख्या कशावरून काढली? आरक्षणाच्या यादीवरून, की तिकीट यंत्रावरून? यंत्रातला हिशेब शेवटचा केव्हा आणि कुठल्या स्थानकात मिळाला? त्या स्थानकानंतर पुलापर्यंत बस किती ठिकाणी थांबू शकते? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कोकणात रात्रीच्या बसला हात दाखवून फाट्यावर चढणारी माणसं असतात आणि वाटेत उतरणारीही असतात. शेवटच्या नोंदीनंतर कुणी चढलं असेल तर ते 22 मध्ये नाही. कुणी उतरलं असेल तर तो घरी सुखरूप आहे आणि त्याचं नाव यादीत आहे. दोन्ही शक्यता लिहिण्याजोग्या आहेत, आणि दुसरी तर कुणाच्या तरी घरात चूल पेटवणारी आहे.

पोलिसांनाही याच धर्तीवर विचारायचं : तुमच्याकडे बेपत्ताच्या तक्रारी किती, त्यातल्या बसच्या प्रवाशांच्या किती, खासगी वाहनांतल्या किती, आणि एकाच माणसाची तक्रार दोन ठाण्यांत झाली आहे का? मुंबईत राहणारा भाऊ बोरिवलीत तक्रार देतो, गावातले वडील राजापुरात देतात. नाव एक, तक्रारी दोन.

ही उत्तरं घेऊन आलेला वार्ताहर "संख्या वाढली" असं लिहीत नाही. तो लिहितो की सरकारी आकडा फक्त दोन बसचा आहे, खासगी वाहनांचा हिशेब नातेवाइकांच्या तक्रारींवर उभा आहे, आणि गुरुवारी रात्री नऊपर्यंत अशा इतक्या तक्रारी आल्या. आकड्यासोबत वेळ जाते आणि आकडा कोणी दिला तेही जातं. उद्या आकडा बदलला तर वाचकाला धक्का बसत नाही. तो का बदलला हे त्याला आधीच कळलेलं असतं.

एक गोष्ट मी कडकपणे सांगतो. आपण पहिल्या दिवशी "पुलावरून 22 जण वाहून गेले" असं छापलं असेल, तर ते वाक्य चुकीचं होतं. 22 बसमधले होते, एकूण नव्हे. ही चूक दुसऱ्या दिवशी नवा आकडा टाकून गुपचूप बुजवायची नाही. "बुधवारी मिळालेली 22 ही संख्या केवळ दोन एसटी बसमधील होती" हे वाक्य बातमीत हवंच, आणि ते वरच्या तीन परिच्छेदांत हवं. ज्याने काल आपला पेपर वाचून कुणाला तरी तो आकडा सांगितला, त्याचं आपण देणं लागतो.

पाहणी झाली होती, म्हणजे काय झालं होतं?

दुसरी जागा सगळ्यांना दिसते, पण बहुतेक जण तिथे आरोप-प्रत्यारोपात अडकतात. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. सरकारने सांगितलं की मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य आढळला होता. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. मुख्यमंत्र्यांनी न्यायालयीन चौकशी जाहीर केली आणि राज्यातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. एवढं गोळा झालं की वार्ताहराला पान भरल्यासारखं वाटतं.

पण प्रतिक्रिया ही माहिती नसते. अमुक म्हणाले, तमुक म्हणाले, याने वाचकाला पुलाबद्दल एक अक्षरही जास्त कळत नाही. "चौकशीचे आदेश" हीसुद्धा अर्धीच माहिती. चौकशी कोण करणार, कशाची करणार आणि किती दिवसांत, ही तीन उत्तरं आली की ती पूर्ण होते. माझं असं मत आहे की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत प्रतिक्रियांना शेवटचे दोन परिच्छेद द्यावेत, आणि जागा कमी पडली तर तेच कापावेत.

माहिती "पाहणी" या शब्दाच्या आत आहे. पुलाची पाहणी अनेक प्रकारची असते. एक नेहमीची, डोळ्यांनी पाहायची : अभियंता पुलावरून चालतो, खाली उतरून खांब, कमानी, कठडे, सांधे बघतो, कुठे झाड उगवलंय का, चुना-सिमेंट निघालंय का ते लिहितो. पावसाळ्याआधी आणि नंतर होते ती बहुधा ही. दुसरी जास्त जवळून होणारी, जिच्यात उपकरणं लागतात. आणि तिसरी पाण्याखालची, ज्यात पाणबुडे उतरून खांबांचे पाये आणि त्यांच्याभोवतीचा नदीचा तळ तपासतात.

नदीवरचे जुने पूल पुरात पडतात तेव्हा बऱ्याचदा वरचं बांधकाम आधी हार मानत नाही. वेगाने येणारं पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि पायाभोवतीची वाळू-दगड उकरून नेतं. पाया उघडा पडतो, खांब कलतो, आणि मग दगडी कमानी एकामागून एक बसतात. कारण कमानीच्या पुलात प्रत्येक कमान शेजारच्या खांबावर रेटा देऊन उभी असते. हे उकरणं वरून दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना खड्डा गाळाने भरलेला असू शकतो आणि पाहणीत पाया ठीक दिसू शकतो.

पण एवढ्यावरून सावित्रीवरचा पूल याच कारणाने पडला असं कुणी लिहायचं नाही. तो निष्कर्ष काढणं तज्ज्ञांचं आणि चौकशीचं काम. वार्ताहराचं काम एक प्रश्न विचारण्याचं : मे महिन्यातली पाहणी यांपैकी कुठल्या प्रकारची होती? अहवाल किती पानांचा आहे, त्यावर कुणाची सही आहे, त्यात पायांबद्दल काय लिहिलंय? हा प्रश्न महामार्गाचं काम पाहणाऱ्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला विचारायचा. उत्तर आलं की तीच शुक्रवारची इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात :

"सावित्रीवरील कोसळलेल्या पुलाची मे महिन्यात झालेली पाहणी केवळ डोळ्यांनी करण्यात आली होती, पाण्याखालील पायांची तपासणी त्यात नव्हती."

किंवा याच्या उलट. दोन्ही माझे वर्गातले नमुने आहेत. खरं उत्तर जे असेल ते तिथे बसेल, आणि कुठलंही बसलं तरी वाचकाला कालपेक्षा काहीतरी जास्त कळेल. उत्तर मिळालंच नाही तर? मुलं विचारतात, प्रश्नच इंट्रोत टाकू का? टाकता येतो, पण अट आहे. प्रश्न खरोखर विचारलेला हवा. कुणाला विचारला, केव्हा आणि त्यांनी काय सांगितलं, हे बातमीत हवं. "पाहणी नीट झाली होती का, असा सवाल उपस्थित होत आहे" हे वाक्य मी लाल पेनाने खोडतो. सवाल आपोआप उपस्थित होत नाही, कुणीतरी तो उभा करतं. तो तुम्ही केला असेल तर तसं सांगा, गावकऱ्यांनी केला असेल तर त्यांच्या नावावर द्या.

याच जागेवर आणखी एक धागा आहे, तो निम्म्या मुलांच्या नजरेतून सुटतो. जुन्या पुलाशेजारीच नवा पूल होता आणि तो शाबूत राहिला. म्हणजे एका दिशेची वाहतूक नव्यावरून आणि दुसऱ्या दिशेची ब्रिटिशकालीन पुलावरून चालली होती. शेजारी नवा पूल असताना जुना कुठल्या निर्णयाने चालू ठेवला, आणि पुराच्या पाण्याची पातळी कुठवर आली की तो बंद करायचा असा काही लेखी नियम होता का? या प्रश्नाचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा बांधकाम खात्यात असतो किंवा नसतो. नसणं हीसुद्धा बातमीच.

बस दिसत कशा नाहीत

तिसरी जागा. शोध चालू होता पण बस लागत नव्हत्या, आणि रोज "शोध सुरूच" असं छापून येत होतं. वाचकाच्या मनात मात्र एक साधी शंका होती : एवढी मोठी बस जाते कुठे? या शंकेचं उत्तर भूगोलात आहे आणि त्यासाठी कुणाच्या प्रतिक्रियेची वाट पाहावी लागत नाही.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून खाली येते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. महाडच्या खाली नदीवर भरती-ओहोटीची सत्ता चालते. मुंबई-गोवा रस्त्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही : महाडमध्ये पूर कधी ओसरेल, ते पावसाइतकंच भरतीवर ठरतं. आणि 2 ऑगस्टला आषाढी अमावस्या होती, घरोघरी दिव्यांची पूजा झाली होती. अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते. भरतीचं वेळापत्रक आधी छापलेलं असतं. बाणकोटची वेळ पाहून पूल पडला तेव्हा खाडीत पाणी चढत होतं की उतरत होतं, हे गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटांत लिहिता येतं. बंदर खात्याच्या माणसाशी किंवा बाणकोटच्या एखाद्या जाणत्या कोळ्याशी बोललं, तर ओहोटीला हलकी वस्तू किती लांब जाईल आणि जड वस्तू कुठे रुतेल याचा अंदाज मिळतो.

पुढे काय झालं ते आता आपल्याला माहीत आहे. मृतदेह खाडीच्या मुखापर्यंत आणि त्याहीपुढच्या किनाऱ्यावर सापडले. बसचे सांगाडे मात्र आठवड्याहून अधिक काळाने हाती लागले, आणि ते पुलापासून काहीशे मीटरवरच गाळात होते. क्रेनला बांधलेलं 300 किलोचं लोहचुंबक पाण्यात सोडून शोध घेतल्याचं अनेकांना आठवत असेल. त्या चुंबकाचं छायाचित्र सगळीकडे आलं. पण गढूळ, वेगवान पाण्यात पाणबुड्यांना हातभरही दिसत नाही, म्हणून चुंबक लागतं, आणि वर गाळ चढलेला असेल तर त्याची ओढ कमी पडू शकते, हे समजावणारी चौकट "शोध सुरूच" या चार बातम्यांपेक्षा जास्त कामाची होती.

ही चौकट लिहिताना एक सावधपणा हवा. भरतीमुळे पूल पडला, असा सूर तिच्यात येता कामा नये. उधाण होतं हे खरं आणि पूल पडला हेही खरं. या दोन वाक्यांमध्ये "त्यामुळे" घालण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

मग कालचं काय करायचं

आता लिहिण्याकडे. तिन्ही जागांपैकी एकच इंट्रोत जाईल. मी संध्याकाळी सात वाजता हातात काय पक्कं आहे ते बघतो. पाहणीच्या प्रकाराबद्दल अधिकाऱ्याचं स्पष्ट उत्तर असेल तर ते वर, नसेल तर आकड्यांचा खुलासा वर, आणि नदीची माहिती स्वतंत्र चौकटीत. तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबली तर वाचकाच्या हाती एकही लागत नाही.

कालची घटना काढून टाकता येत नाही. कुणी दोन दिवस प्रवासात असेल, कुणी परदेशात असेल, कुणाला आजच कळलं असेल. पण तिला दोन वाक्यं पुरतात आणि त्यांची जागा तिसऱ्या परिच्छेदात. अशी :

"मुंबई-गोवा महामार्गावरील हा ब्रिटिशकालीन पूल मंगळवारी (2 ऑगस्ट) रात्री साडेअकराच्या सुमारास पुरात कोसळला. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि अन्य वाहने नदीत वाहून गेली."

पंचवीस-तीस शब्द. हे पहिल्याच परिच्छेदात आलं की बातमी शिळी वाटते. फार खाली गेलं तर नव्या वाचकाला सुरुवात कळत नाही. डेस्कवर हा परिच्छेद एकदा नीट लिहून ठेवावा आणि पुढचे पंधरा दिवस वापरावा, पण रोज वाचून. कारण त्यातलीच एखादी गोष्ट खोटी ठरते. "वाहून गेली" हे क्रियापद बस पुलाजवळच सापडल्यावर बदलावं लागतं. जुना परिच्छेद डोळे मिटून चिकटवल्यामुळे, वर बस सापडल्याची बातमी आणि खाली त्याच बस बेपत्ता, असा मजकूर मी छापून आलेला पाहिला आहे. एका वेगळ्या दुर्घटनेच्या वेळी आमच्या डेस्कवरून तो गेला होता आणि पान माझ्या हाताखालून गेलं होतं. त्या सकाळी एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, "नक्की काय ते सांगा, माझा मेहुणा होता त्यात." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मथळ्याला मी एकच कसोटी लावतो. शुक्रवारचा मथळा गुरुवारच्या अंकावर ठेवून बघायचा. तिथे तो खरा ठरत असेल तर तो फॉलोअपचा मथळा नाही. "सावित्रीत शोधकार्य सुरू" गुरुवारी चाललं असतं. "22 फक्त एसटीचे; खासगी वाहनांचा हिशेब वेगळा" गुरुवारी चाललं नसतं, कारण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.

महाडला निघालेल्या माणसासाठी

पानावर एक जागा अशी आहे की जिचा विचार सगळ्यांत उशिरा होतो. राजापूरच्या एखाद्या घरातला माणूस शुक्रवारी सकाळी पेपर उघडतो. त्याला पाहणीचा अहवाल नको आहे, विधिमंडळ नको आहे. त्याला हवं आहे की मृतदेह कुठल्या रुग्णालयात आणतात, ओळख पटवायला काय न्यायचं, कुठल्या क्रमांकावर फोन करायचा, मुंबईकडे जायला महामार्ग कुठून वळवलाय, महाडला उतरल्यावर नियंत्रण कक्ष कुठे आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी रोज बदलतात, म्हणून त्या रोज नव्याने विचारायच्या. जिल्हा प्रशासनाच्या नियंत्रण कक्षाला संध्याकाळी सहा आणि रात्री नऊला असे दोन फोन पुरतात. क्रमांक छापण्याआधी तो स्वतः लावून बघायचा. लागत नसेल तर तसं प्रशासनाला कळवायचं आणि लागणारा क्रमांक छापायचा. नावांची यादी आली तर पोलिसांनी दिलेली तेवढीच, आणि कुटुंबाला कळवलं आहे याची खात्री करून.

वर्गातली मुलं सुरुवातीला हे "माहितीपर" म्हणून बाजूला टाकतात. माझ्या मते शुक्रवारच्या पानावर कुणाच्या तरी दिवसाची दिशा बदलू शकणारा मजकूर हाच असतो आणि तो चौकटीत, ठळक, पहिल्या पानावर हवा.

पुढच्या तारखा

सावित्रीची बातमी पंधरा दिवसांत मागे पडली, तशी प्रत्येकच पडते. त्यानंतरचा फॉलोअप डायरीतून येतो. शुक्रवारी रात्री पान सुटल्यावर दहा मिनिटं काढून लिहायचं : चौकशी जाहीर झाली, तिची मुदत कधी संपते? जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले, आपल्या जिल्ह्यात असे पूल किती आणि यादी कुणाकडे? केंद्रीय मंत्र्यांनी नवा पूल 180 दिवसांत बांधायचं सांगितलं, काम कधी सुरू होतं आणि ते दिवस कुठून मोजायचे?

शेवटच्या नोंदीचं काय झालं, ते सर्वज्ञात आहे. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. उद्घाटनाची बातमी सगळ्यांनी दिली, प्रेस नोट आली होती. ज्याच्या डायरीत दहा महिन्यांपूर्वीची दुसरी नोंद होती, त्याला त्या दिवशी प्रेस नोटपलीकडचं लिहिता येण्यासारखं होतं : आपल्या तालुक्यातल्या बाकीच्या जुन्या पुलांपैकी किती तपासले, कुठल्यांवर जड वाहनं बंद केली, आणि त्या तपासणीत या वेळी पाण्याखाली कुणी उतरलं का. खेडच्या त्या मुलीने वर्ग संपल्यावर आपल्या तालुक्यातल्या तीन पुलांची नावं वहीत लिहून घेतली, आणि पुढच्या अमावस्येची भरती कधी आहे, ते विचारलं.